थँक्यू नको, पोच दे

गेल्या दिवाळीत माझ्या पुण्याच्या मैत्रिणीने फराळाचा खोका पाठवला. आम्ही मालवणच्या जरा अलीकडे राहतो, पार्सल गावात येत नाही, बाजारात जाऊन घ्यावं लागतं, तर धनत्रयोदशीच्या संध्याकाळी नवरा तो खोका स्कूटरवर पायांच्या मध्ये धरून घेऊन आला. एक कोपरा चेपलेला, चिकटपट्टी अर्धी सुटलेली. घरात दुसऱ्या दिवशीच्या चावदिवसाची, म्हणजे नरकचतुर्दशीची, गडबड, पोहे निवडायचे, नारळ फोडायचे, तुळशीसमोर फोडायला कारीट कोणी आणलंय का हे विचारत पोरं नाचतायत. मी खोका उघडला, वरून नजर टाकली, तिला ‘थँक्यू सो मच डिअर’ लिहिलं, खाली हात जोडलेलं स्टिकर आणि एक लाल बदाम. झालं, माझ्या डोक्यातून विषय गेला.

भाऊबीज उलटल्यावर तिचा फोन. आवाज जरा अवघडलेला. ‘अगं तो खोका नीट पोचला ना? सासूबाई रोज विचारतायत अनारसे तुटले का म्हणून. मी म्हटलं तिचं थँक्यू आलंय, तर म्हणतात, ते आलं ते ठीक आहे, पण अनारशांचं काय झालं?’

मला खरंच काही बोलायला सुचेना. कारण त्या बाईचा प्रश्न बरोबर होता. माझ्या मेसेजमध्ये खोका पोचल्याचा पुरावा होता, बाकी काही नव्हतं. तो मी खोका न उघडतासुद्धा पाठवू शकले असते.

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय आणि माझं मत असं झालंय की सणाचा डबा आल्यावर जे लिहायचं असतं ते आभारपत्र नव्हेच, ती पोच असते. पोच हा आपला जुना शब्द. रजिस्टर पत्राबरोबर पोचपावती यायची, आणि घरच्या पत्रांत पहिलं वाक्यच असायचं की तुमचं पत्र पोचलं, मजकूर समजला. आधी पोचल्याचं सांगायचं, मग समजल्याचं, मग इकडचं क्षेम, आणि शेवटी लोभ असावा. त्यात आभार हा शब्द शोधून सापडत नाही, पण समोरच्याला जे हवं ते सगळं मिळायचं. आपण मधल्या काळात पोच टाकून दिली आणि थँक्यू उचललं, आणि आता मैत्रीत थँक्यू म्हणावं की नाही यावर भांडत बसतो.

ते भांडण माहीत आहे सगळ्यांना. एक बाजू म्हणते मैत्रीत कसले आभार, परकी आहेस का. आमच्या शेजारच्या काकीला मी एकदा चुकून थँक्यू म्हटलं तर ती म्हणाली, ‘थँक्यू कसला घेवन बसलंस, डबो तेवढो रिकामो धाडू नको.’ दुसरी बाजू म्हणते की नाही, आपल्या लोकांना कौतुक करताच येत नाही, मिठाई खाऊन तोंड पुसून बसतात. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं मला, पण काकीच्या त्या वाक्याचा उत्तरार्ध कोणी नीट ऐकत नाही. ती आभार नको म्हणत होती, उत्तर नको म्हणत नव्हती. उत्तर तिला हवंच होतं, ते डब्यातून.

डब्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल. स्टीलचा डबा, झाकणावर मशीनने कोरलेलं घरातल्या कुणाचं तरी नाव, म्हणजे हरवायचा प्रश्न नाही. गणपतीत पातोळ्या गेल्या, दिवाळीत करंज्या गेल्या, की तो डबा घासून पुसून परत यायचा आणि रिकामा कधीच नाही. काहीच नसेल तर तळाशी मूठभर साखर, नाहीतर चार आमसुलं, परड्यातली दोन तोंडली. त्याची किंमत कोणी काढत नसे. पण डबा परत द्यायला जे कोणी यायचं, सून म्हणा, पोरगी म्हणा, ते दारात पाच मिनिटं उभं राहायचं आणि त्या पाच मिनिटांत सगळा अहवाल मिळायचा. करंज्या खुसखुशीत झाल्या होत्या, धाकट्याने चार खाल्ल्या, आजीला चावत नाहीत म्हणून तिने नुसतं सारण खाल्लं, तुम्ही सारणात खसखस भाजून घालता का. म्हणजे पोच होती, फक्त कागदावर नव्हती, ती डबा आणणाऱ्याच्या तोंडात होती.

आता खोका पुठ्ठ्याचा. तो परत जात नाही. तो शेजारच्या घरातून येत नाही, पुण्याहून, ठाण्याहून, कुठल्या तरी परदेशातून येतो, आणि तो हातात देणारा माणूस सही घेऊन पाच सेकंदात मोकळा होतो. डबा परत जायचा रस्ताच बंद झाला, आणि त्याबरोबर ती दारातली पाच मिनिटंही गेली. म्हणून लिहायला पाहिजे असं माझं म्हणणं आहे. हे साहेबांचं शिष्टाचाराचं खूळ वगैरे म्हणणाऱ्यांना सांगते की आपल्याकडे शिष्टाचार आधीच होता, नुसतं वाहन बदललं म्हणून माल उतरवायचा का?

आता काय लिहायचं. हे कळायला पाठवणाऱ्याच्या जागी बसून बघावं लागतं. फराळ घरी करून खोक्यात भरणाऱ्या बाईच्या डोक्यात तेव्हा काय चाललेलं असतं ते ज्यांनी भरलाय त्यांना माहीत आहे. चकली तुटणार हे तिला ठाऊक असतं, म्हणून ती चकल्या उभ्या लावते, मध्ये कागद घालते. करंजीची कड उघडली तर सारण सगळीकडे सांडेल ही धास्ती. चिवडा पिशवीत घालून पिशवीतली हवा किती काढायची यावर घरात एक वाद. आणि अनारसे म्हणजे तर परीक्षाच. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत कपड्यावर पसरून ओलसर असतानाच कुटायचे, गूळ किंवा साखर मिसळून गोळा काही दिवस तसाच ठेवायचा, आणि एवढं करूनही तुपात सोडल्यावर अनारसा हसला, म्हणजे पसरून विरघळला, की सगळं फुकट. खसखशीची बाजू वर ठेवून तळतात, उलटत नाहीत, झाऱ्याने वर तूप उडवतात. नीट जमला तर वरून जाळी पडते. ती जाळी बघायला मिळावी म्हणून ती म्हातारी बाई अनारसे पाठवते, आपण गोड खावं म्हणून नव्हे. निदान फक्त त्यासाठी नव्हे.

तर माझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंना हवं होतं काय? ‘अप्रतिम’ नको होतं. मी फोन ठेवल्यावर घाईघाईने एक दुसरा मेसेज लिहिला होता, तो अजून फोनमध्ये पडलाय, तो असा की फराळ अप्रतिम, लाजवाब, काकूंच्या हाताला काय चव आहे, आठवणीत राहील अशी दिवाळी. पाठवायच्या आधी सहज नवऱ्याला वाचून दाखवला तर तो म्हणाला हे तू तुझ्या मावशीला पण पाठवलंस ना परवा? पाठवलं होतं. शब्दाला शब्द नव्हे, पण जवळजवळ. मावशीने तर शंकरपाळे पाठवले होते. जो मजकूर दोन वेगळ्या डब्यांना चालतो तो कुठल्याच डब्याचा नसतो, हे तेव्हा लख्ख कळलं.

आणि एक गंमत सांगते, ‘हाताला चव’ हे तर सांभाळूनच लिहावं. आता अर्ध्या घरांत फराळ बचत गटाकडून किंवा ओळखीच्या ताईंकडून येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही, नोकरी करणाऱ्या बाईने चकल्या पाडत बसावं असं कोण म्हणतंय. पण मग तिच्या हाताचं कौतुक केलं की ती बिचारी तिकडे कानकोंडी होते. विकतचा असेल तर तिने निवडून पाठवला याचं लिहावं, की इतक्या ताईंमधून तुला बरोबर कमी तेलकट करणाऱ्या सापडल्या. कोणी केलं हे माहीत नसेल तर सरळ विचारावं. कुणी केले गं हे लाडू, हा प्रश्नच इतका चांगला आहे की त्यापुढे आभार लिहायची गरज उरत नाही.

आता अवघड भाग, ज्यावर माझं आणि आमच्या घरातल्या सगळ्यांचं भांडण झालं. काही बिघडलं असेल तर लिहायचं का?

त्या खोक्यात नारळाच्या वड्याही होत्या. ओल्या नारळाच्या. (कोकणात नारळाच्या वड्या पाठवणं म्हणजे... जाऊ दे, प्रेमाने पाठवल्या होत्या.) आता ओल्या नारळाच्या वडीचं असं आहे की ती कितीही आटवली तरी आत थोडा ओलावा राहतोच, आणि ऑक्टोबरमध्ये खोक्यात बंद होऊन, उन्हात तापलेल्या गाडीतून, तीन-चार दिवस प्रवास करून आली की तिचा भरवसा नसतो. मी संध्याकाळी वरून बघितल्या तेव्हा ठीक वाटल्या. दुसऱ्या दिवशी मुलाने एक तोंडात घातली आणि थुंकली. बघितलं तर बोटाला चिकट लागत होत्या, मोडताना बारीक तार येत होती, आणि वास आंबूस. खवट वास वेगळा, तो तेलातुपाचा, जुन्या चिवड्याला येतो, त्याने तोंड वाईट होतं एवढंच. आंबूस वास आणि तार म्हणजे वडी नासली, त्यात वाद नाही. सगळ्या मी उकिरड्यात टाकल्या आणि गप्प बसले, कारण दिवाळीत कोणाला कशाला वाईट वाटून द्यायचं.

इथे माझी चूक झाली, आणि ती मला फोनवर कळली. मैत्रिणीने सहज सांगितलं की त्याच दिवशी तिने तसलेच खोके आणखी तिघांना पाठवले होते, एक तिच्या आजारी मामांकडे. म्हणजे माझ्या भिडेपोटी चार दिवस ती माणसं कदाचित त्याच वड्या खात होती. नशिबाने मामांकडचा खोका जवळचाच होता, दुसऱ्या दिवशी पोचला आणि वड्या तिथल्या तिथे संपल्या. पण मी ज्याला सौजन्य समजत होते ते धोक्याचं होतं की नाही?

म्हणून माझं मत असं की बिघाड कुठल्या जातीचा आहे ते आधी बघावं. खाऊन कोणी आजारी पडेल असं काही असेल तर चिठ्ठीबिठ्ठीची वाट न बघता त्याच क्षणी फोन करायचा, सणाचा दिवस असला तरी. वाटेत बिघडलं असेल, म्हणजे तुटलं, सादळलं, सांडलं, तर ते पोचेत लिहायचं, न बिचकता, कारण त्यात तिच्या हाताचा दोष नाही आणि पुढच्या वेळी भरताना तिला उपयोग होतो. आणि हाताचं काही असेल, मीठ जास्त झालं, लाडू टणक झाला, तर ते लिहायचं नाही. तिने विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर आपण गप्प. तिला माहीतच असतं ते. स्वतःच्या घरात तेच लाडू तिने पण खाल्लेले असतात.

आमच्या सासूबाईंचं म्हणणं यातलं काहीच लिहू नये, दिलेल्या गाईचे दात मोजायचे नसतात. मी त्यांना म्हटलं, आई, दात मोजायचे नाहीत मान्य, पण गाय लंगडत आली तर कळवायला नको? त्या हसल्या, पण पटलं असं म्हणाल्या नाहीत.

सादळण्याचं जरा सांगते कारण देशावरून इकडे फराळ पाठवणाऱ्यांना ते खरंच कळत नाही. पुण्यात दिवाळीपर्यंत हवा कोरडी व्हायला लागलेली असते, तिथे चिवडा उघड्या परातीत तासभर राहिला तरी चालतो. इथे पाऊस संपला तरी समुद्राची दमट हवा असतेच, आणि तळलेल्या-भाजलेल्या पदार्थात पाणी जवळजवळ नसल्यामुळे तो हवेतला ओलावा भराभर ओढून घेतो. पातळ पोह्यांचा चिवडा सगळ्यात आधी जातो, मग शेव, मग चकली. पुठ्ठ्याचा खोका आणि वर्तमानपत्र तर ओल धरून ठेवतात, त्याने उलट वाईट होतं. पण सादळणं म्हणजे नासणं नव्हे. कढई गरम करून मंद आचेवर पाच-सात मिनिटं परतला आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरला की चिवडा परत कुरकुरीत होतो. गरम भरला तर झाकणाला घाम येतो आणि पुन्हा तेच. हे एवढं मैत्रिणीला लिहिलं तर ती पुढच्या वर्षी जाड प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत भरते. न लिहिलं तर ती दरवर्षी वर्तमानपत्र घालते आणि आपण दरवर्षी ‘यम्मी’ लिहितो.

तर फोननंतर दोन दिवसांनी, नीट बसून, मी जे लिहिलं ते इथे देते. फार काही साहित्य नाही, पण मुद्दा कळेल.

‘खोका धनत्रयोदशीला संध्याकाळी आला. एक कोपरा चेपला होता, अर्ध्याअधिक चकल्या मोडल्या, पण मोडलेल्या चकलीला आमच्या घरात जास्त मान आहे कारण ती मोजून खावी लागत नाही, पोरांनी त्या पहिल्या संपवल्या. करंज्या सगळ्या शाबूत, एकीचीही कड उघडली नाही. चिवडा इकडच्या हवेने सादळला होता, मंद गॅसवर परतून घेतला, झाला परत तसाच. यंदा खोबऱ्याचे काप जास्त घातलेस ना, बरं केलंस. वड्यांचं फोनवर बोललो ते बोललो, परत एवढ्या लांब ओल्या नारळाचं पाठवू नकोस, सुक्या खोबऱ्याचं चालेल. काकूंना सांग अनारसे अठरा होते, दोन मोडले, सोळा अख्खे. आमच्या आईंनी एक उचलून दाराशी उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, पिठाला घाई केलेली नाही या बाईने. बाबांना गोड बंद आहे, त्यांनी अर्धा खाल्ला, आणि अर्धा कुठे गेला ते आम्ही विचारलं नाही. शेवटचा मी काल चहाबरोबर खाल्ला, एकटीने, कोणाला न सांगता.’

बस. यात आभार, धन्यवाद, थँक्यू यातलं काही नाहीये, मुद्दाम नाही टाळलं, लिहिताना जागाच सापडली नाही. आकडा आहे, अठरा आणि सोळा. कोणी खाल्लं ते आहे. कौतुक आहे ते ज्याला पीठ कळतं अशा बाईच्या तोंडचं आहे, माझं नव्हे, कारण मला अनारसे येत नाहीत आणि माझ्या ‘छान’ला काकूंच्या लेखी काय किंमत असणार.

काकूंना मी वेगळं कार्ड टाकलं. पोस्टात पन्नास पैशांचं कार्ड अजून मिळतं, मास्तरांनी ड्रॉवर उपसून काढून दिलं. ‘ती. काकूंना सा. न.’ एवढं लिहून खाली चार ओळी. याचं कारण साधं आहे, केलं काकूंनी आणि माझा मेसेज जाणार मैत्रिणीच्या फोनवर, ती ऑफिसच्या बसमध्ये वाचणार आणि संध्याकाळी घरी गेल्यावर सांगायचं विसरणार. मधल्या माणसाकडे पोच दिली की ती मधेच राहते. ज्याने कढईसमोर उभं राहून केलं त्याच्यापर्यंत गेली पाहिजे, मग पत्त्यावर नाव कोणाचं का असेना.

कधी लिहायचं, यावरही लोक गोंधळतात. मला वाटतं दोनदा. पोचल्या दिवशी एक ओळ, आला, बाहेरून शाबूत आहे किंवा नाही, कारण तिकडे जीव टांगलेला असतो. खरी पोच खाऊन झाल्यावर, तुळशीच्या लग्नाच्या आत. खायच्या आधीच रसभरीत लिहिणारे लोक मला संशयास्पद वाटतात. आणि तुळशीच्या लग्नानंतर लिहायचं राहिलं तर लाज न धरता तेव्हाही लिहावं, फक्त उशीर का झाला याचं पुराण लावू नये, त्यात अनारसे बाजूला राहतात आणि आपल्या अडचणी वाचाव्या लागतात.

स्टेटसला फोटो टाकून ‘सो ब्लेस्ड, थँक्यू अमुक’ लिहिण्याला माझा सरळ विरोध आहे. त्यात पोच पाठवणाऱ्याला जात नाही, ती गावाला जाते. आणि ज्यांना तिने खोका पाठवला नाही तेही ते बघत असतात. माझ्या मैत्रिणीने चौघांना पाठवलं, कॉलेजच्या ग्रुपवर आम्ही एकवीस जण आहोत. उरलेल्यांना मी का सांगत बसू? तिने खोका गुपचूप पाठवला तर पोचही गुपचूप जावी.

ऑफिसातून, बँकेतून, कुठल्या कंत्राटदाराकडून येणारे सुक्या मेव्याचे चकचकीत बॉक्स यात धरू नका. ते कोणी भरलेले नसतात, एका यादीवरून निघालेले असतात, त्यातले निम्मे तर न उघडता तिसऱ्याच घरी पोचतात. त्याला ‘मिळाला, धन्यवाद’ पुरे. मिठाईवाल्याच्या पेट्याही तशाच, फक्त एक फरक, १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्ट्या मिठाईलासुद्धा दुकानात ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावणं सक्तीचं झालं होतं, घरच्या डब्याला मात्र तारीख नसते. म्हणून मी आता मैत्रिणींना सांगते, झाकणावर केलेल्या दिवसाची तारीख पेनाने टाका. वड्यांवर ती असती तर मी त्याच संध्याकाळी दिवस मोजले असते.

अजून एक मोह असतो, परतफेडीचा. पोच लिहितालिहिता हात आपोआप लिहून जातो की मे महिन्यात आंब्याची पेटी पाठवते हं. कोकणातल्या माणसाला तर हे वाक्य जिभेवरच असतं. मी लिहीत नाही. एक तर त्याने तिचा खोका उधारीचा होतो, जणू तिने अनारसे आंब्यांच्या आशेने पाठवले. आणि दुसरं म्हणजे आंबा आपल्या हातात आहे का? थंडी नीट पडली नाही, मोहोराला अवकाळी पाऊस लागला, तुडतुडा आला, की घरच्या पुरतेच उरतात, आणि मग दिवाळीत दिलेला शब्द मेपर्यंत घशात अडकतो. पाठवायचे तेव्हा पाठवावेत. पूर्वीच्या डब्यात मूठभर साखर घालत होते ती याचसाठी असणार, की रिकामाही नको आणि हिशोबही नको.

कोणी म्हणेल एवढं बारीक बारीक लिहिणं आपल्या स्वभावात नाही, कोकणी माणूस मोजकं बोलतो. मोजकं बोलतो खरं, पण मोघम बोलत नाही. देवळात गाऱ्हाणं घालताना ऐकलंय का कधी? कोण, कुठल्या वाडीचा, काय बोलला होता, काय घेऊन आलाय, मागे कोणाची काय चूक झाली असेल ती पोटात घाल, सगळं नावानिशी सांगतात, आणि दर वाक्याला मागची माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. देवाला सगळं माहीत असतं तरी त्याला नारळ कोणाचा ते सांगतात. आणि आभाराला खाली गोव्याकडे आणि आमच्याकडेही जुनी माणसं ‘देव बरें करूं’ म्हणतात, देव तुझं बरं करो. म्हणजे आभाराचा भार त्यांनी देवावर टाकून दिला आणि स्वतः मोकळे झाले अनारशांबद्दल बोलायला.

काकूंचं उत्तर आलं, मैत्रिणीच्या फोनवरून, आवाजातला मेसेज. दीड मिनिट. त्यात कौतुकाबद्दल अक्षर नाही. दोन मोडले ते वरच्या थरातले की खालच्या, एवढं विचारलं होतं, आणि तुझ्या सासूबाईंना विचार त्या गूळ घालतात की साखर.

खालच्या थरातले होते. आईंना विचारलं, त्या गूळ घालतात. मग त्या दोघी परस्पर बोलू लागल्या आणि मी त्यातून बाहेर पडले.

यंदा दिवाळीला खोका आला नाही, आमच्या गावचं कोणी पुण्याहून गाडीने येत होतं त्याच्याबरोबर स्टीलचा डबा आला. झाकणावर पेनाने तारीख, आत अनारसे, वड्या नाहीत. बुडाला काकूंचं नाव कोरलेलं. तो आता घासून ओट्यावर पालथा ठेवलाय आणि त्यात काय घालायचं यावर घरात चार दिवस वाद चाललाय. आई म्हणतात आमसुलं. नवरा म्हणतो सुके बांगडे. काकू शाकाहारी आहेत हे मी त्याला दोनदा सांगितलंय.